सातबाऱ्यावर नसलेला माणूस

माझ्या संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यातलं पहिलं वाक्य असं होतं: ‘विकसनशील देशांत दरवर्षी सुमारे अडीच कोटी शेतमजुरांना कीटकनाशकांची विषबाधा होते.’ वाक्याला संदर्भ होता, आकडा मोठा होता, आणि ते वाचून कुणालाही विषयाचं गांभीर्य पटेल असं मला वाटत होतं. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी त्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि शेजारी दोनच शब्द लिहिले: ‘कोणी मोजलं?’

मी समाजकार्याची पदवी घेतली आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमध्ये आरोग्याच्या कामासाठी फिरू लागले, त्याला बरीच वर्षं झाली. पऱ्हाटीवर फवारणी करणाऱ्यांना होणारा त्रास हा माझा विषय. गावं, माणसं, हंगाम, औषधांची नावं हे सगळं परिचयाचं होतं. तरी प्रस्तावातला ‘पार्श्वभूमी’ हा भाग लिहायला मला चार महिने लागले, आणि तो चार वेळा नव्यानं लिहावा लागला. पहिला मसुदा चौदा पानांचा होता, शेवटचा दोन पानांचा. मधल्या काळात काय घडलं, ते इथे सांगते आहे.

‘कोणी मोजलं?’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी त्या आकड्याच्या मागे निघाले. ज्या लेखातून मी तो घेतला होता, त्यानं तो दुसऱ्या लेखातून घेतला होता, दुसऱ्यानं तिसऱ्यातून. शेवटी मी 1990 च्या एका लेखापाशी पोचले. जे. जयरत्नम यांनी तो जागतिक आरोग्य संघटनेच्या सांख्यिकीच्या त्रैमासिकात लिहिला होता. अडीच कोटी हा आकडा त्यात आहे, पण तो मोजलेला नाही, अंदाजलेला आहे. आशियातल्या शेतमजुरांनी स्वतः सांगितलेल्या त्रासाचं प्रमाण घेऊन ते सगळ्या विकसनशील देशांतल्या शेतमजुरांच्या संख्येला लावलेलं आहे. त्यामागची पाहणी 1987 साली प्रसिद्ध झाली, आणि ती चार देशांतली होती: इंडोनेशिया, मलेशिया, श्रीलंका आणि थायलंड. भारत त्यात नव्हता.

म्हणजे यवतमाळच्या कापसाविषयीचा माझा प्रस्ताव ज्या आकड्यावर उभा होता, त्यात यवतमाळ नव्हतं, महाराष्ट्र नव्हता, देशच नव्हता. जयरत्नम यांचं काम त्या काळात मोलाचं होतं आणि त्यांनी अंदाजाला अंदाजच म्हटलं होतं. तो शब्द पुढे नकलता नकलता गळून पडला आणि उरला तो नुसता आकडा.

मग मी नवा आकडा शोधला. 2020 साली ‘बीएमसी पब्लिक हेल्थ’ या जर्नलमध्ये एक लेख आला होता: जगात दरवर्षी साडेअडतीस कोटी लोकांना नकळत विषबाधा होते, म्हणजे शेतात राबणाऱ्यांपैकी सुमारे 44 टक्क्यांना. आता या विषयावरच्या कितीतरी लेखांची सुरुवात याच वाक्यानं होते. मी ते उतरवून घेतलं, आणि या वेळी जरा शहाणी होऊन मूळ लेखाचं पान उघडलं. तिथे वरच सूचना होती की जर्नलनं हा लेख मागे घेतला आहे. 2024 साली तसं झालं. आक्षेपाचा गाभा समजायला सोपा आहे. ज्या पाहण्यांवरून अंदाज केला, त्यांतल्या सगळ्यांनीच ‘गेल्या वर्षभरात त्रास झाला का’ असं विचारलेलं नव्हतं. काहींत काळ वेगळा होता, काहींत तो नीट सांगितलेला नव्हता. तरी सगळी उत्तरं एका वर्षाची धरली गेली. आयुष्यात कधीतरी एकदा चक्कर आलेला माणूस दरवर्षी चक्कर येणारा ठरला, तर आकडा फुगणारच.

याचा अर्थ विषबाधा होत नाही असा नाही. अर्थ इतकाच की ती किती होते, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला. कुठलाही आकडा प्रस्तावात घ्यायचा, तर तो जिथे मोजला गेला त्या पहिल्या कागदापर्यंत जायचं, आणि तो कागद आजही उभा आहे का हे पाहायचं. संदर्भाच्या यादीतले बासष्ट संदर्भ मी असे तपासले. त्यांतले निम्म्याहून अधिक एकमेकांचेच आधार घेऊन उभे होते.

दुसऱ्या मसुद्याची सुरुवात मी जिल्ह्यापासून केली. 2017 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे आठशे जण दवाखान्यांत दाखल झाले आणि वीसच्या वर माणसं दगावली. शासनानं विशेष तपास पथक नेमलं. पेस्टिसाइड अॅक्शन नेटवर्क इंडिया या संस्थेची माणसं गावांत जाऊन आली आणि त्याच वर्षी त्यांचा अहवाल आला. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा वरून खाली न पडता तोंडावर येत होता, हे तेव्हा फवारणारे सगळेच सांगत. हे सगळं मी मांडलं आणि शेवटी लिहिलं: ‘यवतमाळ जिल्ह्यात या विषयावर पुरेसं संशोधन झालेलं नाही. म्हणून हा अभ्यास आवश्यक आहे.’

मॅडमनी तेही परत केलं. म्हणाल्या, “यवतमाळमध्ये झालं नाही, ही काही उणीव नाही. नेरमध्ये झालं नाही, घाटंजीत झालं नाही, तुझ्या गल्लीतही झालं नाही. अभ्यास कुठे झाला नाही हे सांगू नकोस. झालेल्या अभ्यासांतून काय कळू शकत नाही, आणि ते का कळू शकत नाही, ते सांग.”

हे पचायला मला वेळ लागला. जागेची उणीव ही उणीव ठरते, पण केव्हा? त्या जागेत उत्तर वेगळं येईल असं मानायला कारण असेल तेव्हा. गुंटूरच्या कापसावर जे झालं तेच वणीच्या कापसावर होत असेल, तर पुन्हा मोजून नवं काय कळणार? आणि वेगळं होत असेल, तर कशामुळे? ते ‘कशामुळे’ माझ्याकडे नव्हतं.

तेव्हा मॅडमनी मला एक तक्ता करायला सांगितला, आणि माझ्या कामाची खरी सुरुवात तिथून झाली. वाचलेल्या प्रत्येक अभ्यासाला एक ओळ. रकाने फक्त पाच: माणसं कुठून निवडली, काय मोजलं, किती काळ मोजलं, काय निघालं, आणि शेवटचा रकाना, कोण सुटलं. निष्कर्षाचा रकाना मी आधीच मनात भरून ठेवला होता. शेवटचा भरण्यासाठी मात्र प्रत्येक लेखाचा पद्धतीचा भाग पुन्हा वाचावा लागला, कारण कोण सुटलं हे कुठलाही लेख सारांशात सांगत नाही. माणसं निवडण्याची रीत पाहूनच ते ओळखावं लागतं.

पहिल्या काही ओळी शासकीय आणि दवाखान्यांच्या आकडेवारीच्या होत्या. हे आकडे येतात कुठून? कीटकनाशक अधिनियम, 1968 च्या कलम 26 नुसार राज्य शासन अधिसूचना काढून विषबाधेच्या घटना कळवण्याची जबाबदारी ठरावीक व्यक्तींवर टाकू शकतं. म्हणजे घटना कुणाच्या तरी नजरेस आधी यावी लागते. डॉक्टरपर्यंत पोचलेला माणूस मोजला जातो, घरी झोपलेला मोजला जात नाही. सुटलेल्यांच्या रकान्यात मी लिहिलं: ‘दवाखान्यात न आलेले.’

पण दवाखान्यात आलेले तरी नीट मोजले जातात का? हे पाहायला मी परवानगी घेऊन एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बसले आणि बाह्यरुग्ण नोंदवहीची ऑगस्ट ते ऑक्टोबरची पानं चाळली. विषबाधा हा शब्द फार क्वचित होता. चक्कर, मळमळ, उलटी, डोळ्यांची जळजळ, अंगाला खाज, डोकेदुखी हे शब्द पानोपानी होते. पावसाळ्यात हे सगळं तापानंही होतं, उन्हानंही होतं, पोट बिघडल्यानंही होतं. रुग्ण आदल्या दिवशी काय करत होता, हे लिहायला त्या वहीत रकानाच नाही. त्यामुळे ती वही पाहून फवारणीचा त्रास किती, हे कोणीही सांगू शकत नाही, मीही नाही.

मोठ्या दवाखान्यात अडचण वेगळी. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-10 मध्ये, कीटकनाशकाच्या विषबाधेचं कारण लिहायला वेगवेगळे संकेत आहेत, त्यांतले आपल्या कामाचे तीन: अपघातानं झाली तर X48, स्वतःहून घेतलं तर X68, आणि नेमकं ठरवता आलं नाही तर Y18. आपल्या जिल्ह्यात ही तीन घरं एकमेकांत किती सहज मिसळतात, हे इथल्या बोलीवरूनच कळतं. आपण कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. ‘त्यानं औषध घेतलं’ म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न. ‘त्याला औषध लागलं’ म्हणजे फवारताना त्रास झाला. रात्री अकराला बेशुद्ध माणसाला घेऊन आलेला घाबरलेला भाऊ ‘औषधाची केस आहे’ एवढंच म्हणतो. पुढचा शब्द कोण लिहितो, यावर तो माणूस कुठल्या संकेतात जाईल हे ठरतं.

इथे मला मसुद्यातली दोन अख्खी पानं काढून टाकावी लागली. शेतकरी आत्महत्यांवर मी भरपूर वाचलं होतं. टाटा समाजविज्ञान संस्थेचं काम, इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या श्रीजित मिश्रांचा 2006 चा अहवाल, श्रीलंकेनं जहाल कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर तिथल्या आत्महत्या कशा उतरल्या यावरचं संशोधन. यवतमाळवर लिहायचं आणि यातलं काहीच घ्यायचं नाही, हे मनाला पटत नव्हतं. पण माझा प्रश्न काम करताना होणाऱ्या विषबाधेचा होता. आत्महत्येच्या साहित्यातून त्या प्रश्नाला लागणारी एकच गोष्ट मिळत होती: दोन्ही प्रकार नोंदीत मिसळतात आणि त्यामुळे दवाखान्याचा आकडा एकटा पुरत नाही. दोन पानांच्या जागी दोन वाक्यं राहिली. विषय महत्त्वाचा आहे म्हणून संदर्भ घ्यायचा नसतो, तो आपल्या प्रश्नाकडे एक पाऊल टाकतो म्हणून घ्यायचा असतो, हे मला ती पानं खोडताना कळलं.

तक्त्याच्या दुसऱ्या गटात गावात जाऊन केलेले अभ्यास होते. त्यांतला एक मी पुन्हा पुन्हा वाचला. फ्रांचेस्का मान्चिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2005 साली प्रसिद्ध केला. दक्षिण भारतातल्या तीन गावांत, ऑगस्ट ते डिसेंबर 2003 या हंगामात, कापूस पिकवणाऱ्या पन्नास बायकांनी स्वतःला आणि घरातल्या सत्तेचाळीस पुरुषांना फवारणीनंतर काय काय होतं, याची नोंद ठेवली. अशा 323 घटना नोंदल्या गेल्या. त्यांतल्या 83.6 टक्के घटनांत सौम्य ते तीव्र विषबाधेची लक्षणं होती. सुमारे 6 टक्के फवारण्यांमध्ये मज्जासंस्थेवरचे परिणाम फार गंभीर होते, आणि तरी त्यांतलं कोणीही दवाखान्यात गेलं नाही. शिवाय त्यांना असंही दिसलं की मोठ्या जमीनदारांपेक्षा कमी उत्पन्नाच्या सीमांत शेतकऱ्यांना तीव्र विषबाधा जास्त वेळा होत होती.

हा अभ्यास आणि दवाखान्याची आकडेवारी मी तक्त्यात एकाखाली एक ठेवली, तेव्हा पहिल्यांदा काहीतरी दिसलं. दवाखान्याकडे रुग्णांचा आकडा आहे, पण एकूण किती जणांनी किती वेळा फवारलं, हे त्याला माहीत नाही. म्हणजे वरचा अंक आहे, खालचा नाही. गावातल्या अभ्यासाकडे खालचा अंक आहे, कारण त्यानं प्रत्येक फवारणी मोजली. पण त्यातली माणसं दवाखान्यापर्यंत आलीच नाहीत. त्यामुळे दोन्ही आकड्यांची सांगड घालता येत नाही. दवाखान्यात एक माणूस येतो, तेव्हा गावात त्याच त्रासाची किती माणसं असतात, हे दोघांपैकी कोणीच सांगू शकत नाही.

हे मी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “चांगलं आहे. पण यात यवतमाळ कुठे आहे?”

त्याचं उत्तर मला कागदांत मिळालं नाही. ते पांढरकवड्याच्या पुढच्या एका गावात, शेताच्या धुऱ्यावर मिळालं. मी प्रश्नावलीचा कच्चा मसुदा तपासायला गेले होते. यादी कृषी विभागाच्या पद्धतीप्रमाणे सातबाऱ्यावरून केली होती: खातेदाराचं नाव, क्षेत्र, पीक. पहिल्या खातेदाराच्या घरी गेले. तो म्हणाला, “मी नाही फवारत. माणूस लावतो.” दुसऱ्यानंही तेच सांगितलं. तिसऱ्याच्या शेतात तो लावलेला माणूस भेटला. पाठीवर पंप, बंडीशेजारी पाण्याचा ड्रम, आणि त्याची बायको बादलीत औषध कालवून पंप भरून देत होती. मी वहीतला प्रश्न वाचला, “तुम्हाला कधी विषबाधा झाली आहे का?”

तो म्हणाला, “नाई.”

मी वही मिटली आणि साधं विचारलं, “औषध लागतं का कधी?”

“ते तं रोजचंच हाये, ताई. डोकं गरगरते, डोये जयजयतात. लिंबू चोखतो, आंघोय करतो, झोपतो. सकायी पुना पंप.”

मी विचारलं, किती दिवसांनी फवारता? त्यानं हसून सांगितलं की दिवसांनी नाही, तो पंपावर पैसे घेतो. आज या शेतात, उद्या त्या. हंगामात बरेच दिवस पाठीला पंप असतोच. औषध कोणतं हे शेताचा मालक ठरवतो. सकाळी एका शेतात एक, दुपारी दुसऱ्या शेतात दुसरं. त्याच्या स्वतःच्या नावावर जमीन नाही. बायकोला मी विचारलं की तिलाही लागतं का. ती म्हणाली, “मी कुठं फवारतो? मी तं निसतं पानी देतो.”

संध्याकाळी मी तक्ता उघडला आणि सुटलेल्यांच्या रकान्यात प्रत्येक ओळीपाशी हे जोडपं उभं करून पाहिलं. दवाखान्याच्या वहीत तो नाही, कारण तो गेला नाही. सातबाऱ्यावरून केलेल्या कुठल्याही यादीत तो येणार नाही, कारण त्याच्या नावावर जमीन नाही. शेतकरी कुटुंब हेच मोजणीचं एकक धरलेल्या अभ्यासात तो फार तर दुसऱ्याच्या शेतातला एक मजूर. त्याची बायको तर फवारणाऱ्यांच्या यादीतही येणार नाही, कारण ती स्वतःच म्हणते की ती फवारत नाही. पण औषध पाण्यात मिसळण्याआधी, म्हणजे ते सगळ्यात जहाल असतं तेव्हा, हात तिचाच असतो.

आणि यवतमाळ का, याचंही उत्तर इथेच होतं. मला भेटलेले खातेदार स्वतः फवारत नव्हते, माणूस लावत होते. स्वतःच्या दोन एकरांवर फवारणारा शेतकरी हंगामात मोजक्या वेळा फवारतो, मधे शरीराला सावरायला दिवस मिळतात. पंपावर पैसे घेणारा माणूस ते दिवस ठेवूच शकत नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला निकामी करतात आणि ते पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. ते भरून यायच्या आत पुन्हा फवारलं, तर त्रास थोड्या मात्रेनंही होऊ शकतो. म्हणजे शेतकऱ्यांच्या अभ्यासातलं प्रमाण या माणसाला लावता येत नाही, तसं मानायला शरीरशास्त्राचं कारण आहे. मॅडम ज्याला ‘कशामुळे’ म्हणत होत्या, ते हे.

आता उरलं होतं ते माझं म्हणणं मोडून पाहणं. ‘असा अभ्यास नाही’ हे वाक्य लिहायला सगळ्यात सोपं आणि सिद्ध करायला सगळ्यात अवघड. म्हणून मी पबमेडवर शोध नव्यानं केला, आणि या वेळी ‘शेतकरी’ हा शब्द न वापरता:

```
(pesticide* OR insecticide*) AND cotton
AND (labourer* OR laborer* OR "hired" OR sprayer* OR landless)
AND India
```

आधीच्या शोधात मी फक्त `farmer` लिहिलं होतं. जो माणूस मला सापडत नव्हता, त्याला मी शोधाच्या शब्दांतच वगळलं होतं. नव्या शोधात शेतमजुरांचा उल्लेख असलेले आणखी लेख आले. ते सगळे तक्त्यात घातले. शोधगंगेवर मराठवाडा-विदर्भातल्या विद्यापीठांचे प्रबंध पाहिले, कारण अशी कामं पुष्कळदा जर्नलपर्यंत पोचत नाहीत. पेस्टिसाइड अॅक्शन नेटवर्कचा 2017 चा अहवालही या नजरेनं पुन्हा वाचला. संकट चालू असताना गावोगावी जाऊन घेतलेल्या मुलाखतींचं मोल मोठं आहे, आणि मजुरांचा आवाज अशाच कामातून ऐकू येतो. पण बाधित माणसं शोधत गेलेल्या पथकाला, बाधित न झालेले किती होते, हे सांगता येत नाही. तो अहवाल मी पुरावा म्हणून घेतला, मात्र तो काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे त्याच ओळीत लिहिलं.

आणि ‘संशोधन झालेलं नाही’ हे वाक्य मी बदललं. त्याऐवजी कुठे शोधलं, कोणत्या शब्दांनी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यात काय आढळलं नाही, असं लिहिलं. परीक्षकाला आमच्या नजरेतून सुटलेला एखादा अभ्यास माहीत असू शकतो. तो निघाला, तर आपला शोध कुठे थांबला हे त्याला दिसतं आणि आपल्याला दुरुस्ती करता येते.

शेवटच्या मसुद्यात पार्श्वभूमीचे पाचच परिच्छेद आहेत. पहिल्यात 2017 ची घटना आणि तिचे आकडे, अंदाज आहेत हे सांगून. दुसऱ्यात दवाखान्याच्या नोंदी कशा तयार होतात आणि कोणाला सोडतात. तिसऱ्यात गावातले अभ्यास काय दाखवतात आणि त्यांची मोजणी कोणाभोवती आहे. चौथ्यात पंपावर पैसे घेणाऱ्या मजुराला आणि त्याला पंप भरून देणाऱ्या बाईला हे दोन्ही पुरावे का लागू होत नाहीत. पाचव्यात उणिवेचं वाक्य, आणि त्याला लागूनच प्रश्न. साडेअडतीस कोटी कुठेही नाहीत, अडीच कोटीही नाहीत. संदर्भ एकोणीस आहेत, आणि त्यांतला प्रत्येक काढून पाहिला तर एखादं वाक्य पडतं.

उणिवेचं वाक्य मी अकरा वेळा लिहिलं असेल. त्यातून जे राहिलं ते असं: ‘कापसावर मजुरीनं फवारणी करणारे आणि त्यांना औषध मिसळून देणारे यांना एका हंगामात किती फवारण्यांमागे विषबाधेची लक्षणं होतात आणि त्यांतली किती माणसं आरोग्य केंद्रापर्यंत पोचतात, हे सध्याच्या दवाखाना-आधारित आणि शेतकरी-आधारित अभ्यासांतून ठरवता येत नाही, कारण पहिल्या प्रकारात न आलेले मोजले जात नाहीत आणि दुसऱ्या प्रकारातल्या याद्यांत भूमिहीन येत नाहीत.’

वाक्य लांब आहे. पण त्यातला ‘कारण’ नंतरचा भाग काढला, तर अभ्यासाची पद्धत कोसळते. हा भाग आहे म्हणूनच आमची यादी सातबाऱ्यावरून होणार नाही, गावातल्या प्रत्येक घरात ‘या हंगामात कोणी दुसऱ्याच्या शेतात पंप उचलला का, कोणी पाणी दिलं का’ असं विचारून होणार. हा भाग आहे म्हणूनच दर पंधरा दिवसांनी घरी जायचं, केंद्रातल्या वहीची वाट पाहायची नाही. आणि हा भाग आहे म्हणूनच प्रश्नावलीत ‘विषबाधा’ हा शब्द नाही, ‘औषध लागलं का’ असं आहे. उणीव नेमकी मांडली की पुढची पद्धत जवळजवळ ठरून जाते. उणीव मोघम असली तर पद्धतही मोघम राहते, आणि मग परीक्षकाचे प्रश्न संपत नाहीत.

या अभ्यासानं काय सांगता येणार नाही, तेही आम्ही तिथेच लिहिलं. लक्षणं लोकांनी स्वतः सांगितलेली असतील. तापाची चक्कर आणि औषधाची चक्कर प्रत्येक वेळी वेगळी करता येणार नाही. थोड्याच जणांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज हंगामाआधी आणि हंगामात तपासता येईल, सगळ्यांचं नाही. हंगामाआधीची तपासणी नसेल, तर नंतरच्या एका आकड्याला फारसा अर्थ नाही, कारण प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असते.

नीतिशास्त्र समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी मला एकच प्रश्न विचारला: “हे मजूर तुम्हाला सापडतील कसे?” पार्श्वभूमीत आम्ही ज्याला उणीव म्हटलं होतं, त्यावरच त्यांनी बोट ठेवलं होतं. मी घरोघरीची यादी करण्याची रीत सांगितली आणि प्रस्ताव मंजूर झाला.

जिल्ह्यातून, किंवा कुठल्याही जिल्ह्यातून, असा प्रस्ताव लिहायला बसलेल्या तरुण मित्रमैत्रिणींना माझं एवढंच सांगणं आहे. संदर्भांची यादी करण्याआधी पाच रकान्यांचा तक्ता करा, आणि शेवटचा रकाना, कोण सुटलं, रिकामा ठेवू नका. तो कागदावर भरता येत नसेल, तर उठून जिथे मोजणी होते त्या वहीपाशी आणि जिथे काम होतं त्या धुऱ्यावर जा. आमच्या यादीत आज पहिलं नाव त्या पंपवाल्याचं आहे आणि दुसरं त्याच्या बायकोचं. दोघांच्याही नावावर सातबारा नाही.